गाडीचा खरा हप्ता

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी माझा भाचा शोरूममधून थेट आमच्याकडे आला. हातात कोटेशन, चेहऱ्यावर सगळं ठरल्याचा आनंद. "मावशी, सोळा लाख ऑन-रोड. चार लाख आपले, बारा लाखांचं कर्ज, सात वर्षं. हप्ता १९,३०७. दोघांच्या पगारात आरामात बसतो." कोटेशनच्या मागे आणखी एक कागद टाचलेला होता. तो भाचेसुनेने त्याच वेळी मागून घेतला होता. साधी पाच दारांची हॅचबॅक, आठ लाख ऑन-रोड.

माझी बावीस वर्षं वाहनविम्याच्या दाव्यांच्या कामात गेली. गाडी चोरीला जाते किंवा तिचा चक्काचूर होतो, माणूस कागद घेऊन समोर बसतो, आणि आपल्या गाडीची किंमत आज किती उरली आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. तो धक्का मी इतक्या चेहऱ्यांवर पाहिला आहे की कोणी "हप्ता बसतो" म्हणालं, की माझं लक्ष हप्त्याकडे जातच नाही. हप्ता झेपेल का, हा बँकेचा प्रश्न आहे. घराचा प्रश्न वेगळा असतो. ही गाडी सात वर्षं वापरायची, तर दर महिन्याला घरातून नेमका किती पैसा कायमचा जाणार? भाच्याला मी वही आणायला सांगितली.

आधी आम्ही त्याचा वापर काढला, कारण त्याशिवाय कुठलाच आकडा खरा नसतो. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. आठवड्यातून तीन दिवस जायचं, जाऊन-येऊन सुमारे ३६ किलोमीटर. वर्षाचे पाच हजार दोनशे किलोमीटर इथेच झाले. साताऱ्याजवळच्या गावी वर्षातून आठ फेऱ्या, म्हणजे आणखी अठराशे. बाकी शहरातलं फिरणं धरून वर्षाला दहा हजार किलोमीटर. पुण्यातल्या बऱ्याच घरांची गाडी साधारण एवढीच फिरते, आणि तरी गाडी घेताना आपण रोज मुंबई गाठायची असल्यासारखा विचार करतो.

मग कोटेशन उलगडलं. सोळा लाखांतले साडेतेरा लाख हीच गाडीची एक्स-शोरूम किंमत होती. उरलेले अडीच लाख म्हणजे रोड टॅक्स, विमा, नोंदणी, थोड्या ॲक्सेसरीज. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांदरम्यान १२ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरावा लागतो. मोठ्या गाडीवर तो १,६२,००० रुपये होता, छोटीवर ७३,७००. म्हणजे किंमत दुप्पट झाली की टॅक्स दुपटीहून जास्त होतो. हा पैसा गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर आली की संपला. पुढे गाडी विकताना कोणी "रोड टॅक्स भरलेला आहे" म्हणून वेगळे पैसे देत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर शोरूमवाले आणखी एक टक्का टीसीएस घेतात, तो मात्र आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बरेच जण ते विसरतात, म्हणून इथे सांगितलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के झाला आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन, ही छोटीची व्याख्या. या दोन कोटेशनांमधल्या अंतरात सरकारच्या कराचा वाटा मोठा होता.

आता सगळ्यात मोठी रक्कम. ती कोणत्याही कोटेशनवर छापलेली नसते, तिची पावती येत नाही, बँकेच्या पासबुकात ती दिसत नाही. तिचं नाव घसारा. गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत तिची जेवढी किंमत उतरते तेवढा तुमचा खर्च.

गंमत अशी, की हा घसारा दाखवणारा एक कागद प्रत्येक गाडीमालकाच्या घरात असतोच. विम्याची पॉलिसी. तिच्यावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती ही. तो काढायची एक ठरलेली पायरी आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर किमतीतून ५ टक्के वजा, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. भाच्याच्या साडेतेरा लाखांच्या गाडीचा आयडीव्ही या हिशेबाने पाचव्या वर्षाच्या पॉलिसीत पावणेसात लाखांवर येतो. बाजारभाव याच आकड्यावर असतो असं नाही. ज्या गाडीला मागणी आहे तिला जास्त मिळतात, जिचं मॉडेल बंद झालं तिला कमी. पण दिशा तीच.

सात वर्षांनी, सत्तर हजार किलोमीटर झाल्यावर, मोठ्या गाडीचे पाच लाख चाळीस हजार येतील आणि छोटीचे दोन लाख नव्वद हजार, असं आम्ही धरलं. हा अंदाज जरा सढळच होता. तरीसुद्धा मोठ्या गाडीत दहा लाख साठ हजार रुपये विरघळले. सात वर्षांच्या चौऱ्याऐंशी महिन्यांनी भागलं, तर महिन्याला १२,६०० रुपये. छोटीच्या बाबतीत पाच लाख दहा हजार, म्हणजे महिन्याला सुमारे ६,१००.

इथे भाचा थांबला. "पण मावशी, मोठीचे विकताना जास्त येतात." येतात ना, अडीच लाख जास्त येतात. पण आठ लाख जास्त घालून.

बाकीचे आकडे पटापट झाले. मोठीचं बारा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षं चाललं तर व्याज होतं चार लाख बावीस हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. छोटीला चार लाखच कर्ज लागणार होतं, ते चार वर्षांत फिटतं आणि व्याज ७८,००० होतं. सात वर्षांवर पसरलं तर महिन्याला नऊशे रुपये. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं. शहरातल्या गर्दीत मोठी बारा आणि छोटी सोळा किलोमीटर देईल, म्हणजे महिन्याला ७,२०० आणि ५,४००. विम्याचा पुढच्या वर्षांचा हप्ता मोठीला महिन्याला सरासरी दोन हजार आणि छोटीला बाराशे पडतो. दोन्ही इंजिनं एक हजार ते पंधराशे सीसीच्या एकाच गटातली, त्यामुळे थर्ड पार्टीचा हप्ता दोन्हींना सारखाच आहे. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात, कारण तो आयडीव्हीवर ठरतो. सर्व्हिसिंग, एकदा चारही टायर, एकदा बॅटरी, ब्रेकचं काम हे सगळं मिळून मोठीला सोळाशे आणि छोटीला एक हजार. पार्किंग, गाडी धुणारा, खेड शिवापूर आणि आनेवाडीचा टोल दोन्हींना सारखाच, दीड हजार.

बेरीज झाली. मोठी गाडी महिन्याला जवळजवळ तीस हजार, छोटी सोळा हजार शंभर. हप्ता १९,३०७ आणि खरा खर्च तीस हजार. दर किलोमीटरला मोठी ३६ रुपये आणि छोटी १९ रुपये पडते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला १७ रुपये झालं, तेव्हा केवढी कुरकुर झाली होती ते आठवा.

या बेरजेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" दोन्ही गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये चार किलोमीटरचा फरक होता, आणि त्याने महिन्याला अठराशे रुपये वाचत होते. घसाऱ्याचा फरक मात्र साडेसहा हजारांचा होता आणि व्याजाचा चार हजारांचा. आपण लहान गळतीसाठी घसा कोरडा करतो आणि मोठीकडे पाहतही नाही, कारण पेट्रोलचे पैसे दर आठवड्याला हाताने द्यावे लागतात आणि घसारा कोणी मागायला येत नाही. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणाऱ्याने केवळ ॲव्हरेजसाठी लाख-दीड लाख जास्त मोजून महागडं इंजिन घेऊ नये. तो पैसा पेट्रोलमधून परत यायला गाडीचं आयुष्य पुरत नाही.

लांब मुदतीच्या कर्जाची दुसरी एक बाजू मी टेबलाच्या पलीकडून पाहिलेली आहे. शोरूममध्ये हप्ता जड वाटला की मुदत पाचाची सात वर्षं होते, हप्ता हलका होतो आणि सगळे खूश. पण मुदत लांबली की मुद्दल सावकाश फिटतं आणि गाडीची किंमत मात्र आपल्या वेगाने उतरत राहते. भाच्याच्याच गाडीचं घ्या. तीन वर्षं न चुकता हप्ते भरल्यावर बँकेचे सात लाख पंचाहत्तर हजार देणं उरलेलं असेल. चौथ्या वर्षाच्या पॉलिसीत आयडीव्ही असेल आठ लाख दहा हजार. त्या वर्षी गाडी चोरीला गेली, तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. हातात उरतील पस्तीस हजारांच्या आसपास. चार लाख डाउन पेमेंट आणि छत्तीस हप्त्यांचे सात लाख भरलेला माणूस पस्तीस हजार रुपये घेऊन पुन्हा बसस्टॉपवर उभा राहतो. असे दावे मी मंजूर केले आहेत. कंपनीने काही चुकीचं केलेलं नसतं, गणितच तसं असतं.

आता फरकाच्या पैशाकडे येऊ. महिन्याच्या खर्चातला फरक जवळजवळ चौदा हजारांचा दिसतो, पण तेवढे चौदा हजार दर महिन्याला खिशात पडत नाहीत. घसारा शेवटी कळतो, हप्ता आधी जातो. म्हणून गुंतवणुकीसाठी रोखीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पहिली चार वर्षं छोटीचाही ९,९५४ रुपयांचा हप्ता चालू असतो. त्या काळात हप्ता, पेट्रोल, विमा, देखभाल यांतला फरक मिळून महिन्याला सुमारे १२,५०० रुपये सुटतात. चार वर्षांनी छोटीचं कर्ज फिटतं, मोठीचं अजून तीन वर्षं राहतं. तेव्हापासून महिन्याला २२,५०० सुटतात. सात वर्षांत असे चौदा लाख दहा हजार रुपये बाजूला पडतात. यात व्याज किंवा वाढ काहीच धरलेली नाही.

हे पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी वाढले, तर सात वर्षांनी सतरा लाख वीस हजार होतात. इंडेक्स फंडाच्या एसआयपीत घातले आणि सरासरी दहा टक्के मिळाले, तर एकोणीस लाख तीस हजार. यातून अडीच लाख वजा करायलाच हवेत, कारण मोठी गाडी विकताना तेवढे जास्त आले असते. ही वजाबाकी न करता फुगवलेले आकडे लोकांना दाखवणं मला पटत नाही. राहिले पावणेपंधरा ते पावणेसतरा लाख. शेअर बाजारावर आधारलेल्या फंडात दहा टक्के ठरलेले नसतात. सात वर्षांच्या शेवटी बाजार पडलेला असला तर आवर्ती ठेवीपेक्षाही कमी हातात येऊ शकतं. शिवाय युनिट विकताना वर्षाकाठी सव्वा लाखांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. म्हणून या पैशाला घाई नसेल तरच तो तिथे घालावा.

भाचा तेहतीस वर्षांचा आहे. चाळिशीपर्यंत जमलेले हे पावणेसतरा लाख त्याने पुढे पंधरा वर्षं हात न लावता ठेवले आणि दहा टक्केच मिळत राहिले, तर ते सत्तर लाख होतील. सत्तर लाख ऐकून त्याचे डोळे चमकले. मी लगेच महागाई लावली. बावीस वर्षं सहा टक्क्यांनी महागाई वाढली तर त्या सत्तर लाखांत तेवढंच येईल, जेवढं आज साडेएकोणीस लाखांत येतं. आजच्या भाषेत तेवढेच. पण एका घराला पंचावन्नाव्या वर्षी आजच्या साडेएकोणीस लाखांच्या तोलाचा पैसा हाताशी असणं आणि नसणं, यातला फरक मोठा आहे, आणि तो एका गाडीच्या निवडीतून येतो.

हा हिशेब मोडतो तो एका ठिकाणी. लोक स्वस्त गाडी घेतात आणि वाचलेला पैसा गुंतवत नाहीत. तो खात्यात पडून राहतो, मग नवा फोन येतो, गोव्याची एक जास्तीची सहल होते, आणि वर्षाअखेरीस काहीच दिसत नाही. म्हणून गाडीची डिलिव्हरी ज्या महिन्यात, त्याच महिन्यात पगाराच्या दुसऱ्या दिवसाची १२,५०० ची एसआयपी सुरू व्हायला हवी. त्याहून महत्त्वाचा आहे एकोणपन्नासावा महिना. छोटीचा हप्ता बंद होतो, खात्यात अचानक दहा हजार जास्त उरायला लागतात, आणि घरातला प्रत्येक जण त्यांना काही ना काही काम शोधून देतो. सात वर्षांत बाजूला पडणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग या एकोणपन्नासाव्या महिन्यानंतरच्या तीन वर्षांतला आहे. तो महिना आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवावा.

छोटी गाडी सगळ्यांसाठी नाही, हेही खरं. घरात सहा माणसं असतील, वडिलांचे गुडघे खाली वाकत नसतील, गावाचा रस्ता कच्चा असेल, तर उंच आणि मोठी गाडी ही गरज असते, चैन नसते. आणि सुरक्षिततेत पैसे वाचवायचे नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची टक्कर चाचणी सुरू झाली आहे. आपण घेणार ते मॉडेल तपासलं गेलं आहे का आणि किती तारे मिळाले, हे पाहूनच स्वस्त गाडी निवडावी. एअरबॅग कमी असलेलं खालचं व्हेरियंट घेऊन वाचवलेले चाळीस हजार ही बचत नाही.

ज्यांना आणखी खाली यायचं आहे त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांची वापरलेली गाडी आहे. घसाऱ्याचा सगळ्यात तीव्र उतार पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि रोड टॅक्सही त्यानेच भरलेला असतो. फक्त गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे आरसी बुकावर पाहावं. असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, आणि विमाही लगेच नावावर करावा. आरसी एकाच्या आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर राहिलेल्या गाडीचा दावा अडकलेला मी कितीदा पाहिला आहे. तेव्हा समोरच्या माणसाला काय सांगावं, ते सुचायचं नाही.

भाच्याने आठ लाखांची गाडी घेतली. पाडव्याला पेढे घेऊन आला तेव्हा एसआयपीचा पहिला मेसेजही त्याने दाखवला.

तुमच्याही कपाटात गाडीच्या पॉलिसीचे कागद असतील. या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा, दोन्ही काढा. गेल्या वर्षीच्या आयडीव्हीतून या वर्षीचा वजा करा आणि आलेल्या रकमेला बाराने भागा. गाडी जागेवरून हललीसुद्धा नाही तरी दर महिन्याला एवढे पैसे जातात. तो आकडा पेन्सिलने पॉलिसीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढची गाडी बघायला जाताना तो कागद सोबत घेऊन जा.